साखरेचा एक कण नाही तरी वास गोड कसा? व्हॅनिला, कॅरमेल आणि कॉफीच्या परफ्यूममधलं खरं गणित

बेळगावात सध्या कॉलेजच्या पोरापोरींच्या घोळक्याशेजारून गेलं की मोगरा नाही, चंदन नाही, सरळ बेकरीचा वास येतो. कुणी व्हॅनिला केक होऊन आलंय, कुणी कॅरमेल पॉपकॉर्न, कुणी कोल्ड कॉफी. आमची पुतणी असलीच एक बाटली मारून आली तर आईनं विचारलंच, "काय सांडून घेतलीस गे अंगावर?" मुंग्या लागतील म्हणून तिला खरंच काळजी. तर आधी तेवढं सांगून टाकतो, मुंग्या लागत नाहीत, कारण त्या बाटलीत साखर नसतेच. अल्कोहोल असतं आणि त्यात विरघळवलेली वासाची द्रव्यं असतात, बस. आणि खरी गंमत इथंच आहे, कारण साखरेला मुळात वासच नाही. डब्यातली साखर हुंगून बघा, काही येणार नाही, जे आलं ते डब्याचं. साखरेचे कण हवेत उडत नाहीत, म्हणून नाकापर्यंत पोचत नाहीत. गोड ही जिभेची चव आहे, नाकाची नाही. मग हे परफ्यूम गोड कसले लागतात?

आपल्या गावात हे समजायला लॅबमध्ये जायला नको, कुंदा करणाऱ्याच्या कढईपाशी उभं राहिलं तरी पुरे. दूध उकळताना आधी साधा दुधाचाच वास असतो, मग आटत आटत खवा व्हायला लागतो, साखर पडते, आणि हलवत राहिलं की एका टप्प्याला रंग पांढऱ्याचा बदामी आणि बदामीचा तपकिरी होतो, आणि तेव्हाच तो वास सुटतो जो गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तिथं दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक म्हणजे साखर तापून तुटते आणि तिचं कॅरमेल होतं. दुसरी म्हणजे दुधातली साखर आणि दुधातलं प्रोटीन एकमेकांशी भिडतात, त्यातून रंग आणि वास दोन्ही तयार होतात, याला मेयार्ड रिअ‍ॅक्शन म्हणतात, मेयार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये ती मांडली म्हणून. ब्रेडचा करपट काठ, भाजलेले शेंगदाणे, भाजलेली कॉफी, सगळीकडे हीच. या भानगडीत जे शेकडो नवीन पदार्थ तयार होतात त्यातला एक म्हणजे माल्टॉल. दूध तापवून आटवलं की तो त्यात तयार होतो, भाजलेल्या माल्टमध्येही असतो. वास कसा, तर जळायच्या जरा आधी थांबवलेल्या साखरेचा.

आता केमिस्ट लोकांनी काय केलं, या माल्टॉलच्या रेणूत छोटासा बदल करून त्याचा भाऊ बनवला, एथिल माल्टॉल. हा निसर्गात सापडत नाही, कारखान्यातच होतो, दिसायला पांढरी बारीक पूड आणि वास माल्टॉलपेक्षा कितीतरी पट जोरदार. जत्रेत ती गुलाबी साखरेची म्हातारी मिळते ना, काडीला गुंडाळलेली, तिच्याजवळ गेल्यावर जो येतो, एक्झॅक्ट तो. आज बाजारात 'कॅरमेल', 'प्रालीन', 'शुगर' असं काहीही लिहिलेली बाटली उचला, आत एथिल माल्टॉल असण्याची शक्यता फार मोठी. कॅरमेलमध्ये दुसरेही भिडू आहेत, त्यातला सोटोलॉन मला सगळ्यात भारी वाटतो. तो मेथीच्या दाण्यात असतो. अगदी थोडा असला तर कॅरमेलचा, परदेशातल्या मेपल सिरपचा वास, जास्त झाला की सरळ मेथी. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून मधूनमधून हवेत गोड सिरपचा वास यायचा आणि लोक घाबरून सरकारी हेल्पलाइनला फोन करायचे. शेवटी २००९ मध्ये छडा लागला, नदीपलीकडे न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीचे दाणे प्रोसेस होत होते! आमच्याकडे थंडीत मेथीचे लाडू खाल्ल्यावर घामाला जो जरा सिरपसारखा वास येतो तोही हाच प्रकार.

व्हॅनिलाची गोष्ट वेगळी आहे. व्हॅनिला म्हणजे ऑर्किडच्या वेलीची शेंग, मूळची मेक्सिकोची. हिरवी शेंग तोडून हुंगली तर व्हॅनिलाचा वास जवळपास नसतोच. तो वास साखरेच्या एका रेणूला बांधून आत कोंडलेला असतो. मग शेंगा गरम पाण्यातून काढायच्या, गोणपाटात गुंडाळून घाम फोडायचा, उन्हात घालायच्या, परत गुंडाळायच्या, मग सावलीत सुकवून पेटीत ठेवायच्या, असं काही महिने चालतं, तेव्हा ती बांधणी सुटते आणि व्हॅनिलिन मोकळं होतं. एवढं करून चांगल्या वाळलेल्या शेंगेत व्हॅनिलिन किती, तर साधारण दोन टक्के. त्यात फूल हातानं फळवावं लागतं, एकेक करून. ही सोपी पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं शोधली, आजही सगळं जग तसंच करतं. सिरसीकडे, मलनाडात दोन हजार सालानंतर शेतकऱ्यांनी व्हॅनिला लावायचा सपाटा लावलेला, भाव आभाळाला भिडले होते, नंतर दोन-तीन वर्षांत असे आपटले की लोकांनी वेली उपटून टाकल्या. आणि २०१८ च्या आसपास तर परत मादागास्करची व्हॅनिला किलोला चांदीपेक्षा महाग झालेली.

आता असल्या भावाच्या मालावर हजार-बाराशेचं परफ्यूम कसं निघेल? निघत नाही. ते निघतं १८७४ मुळे. त्या वर्षी जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघांनी व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार केलं, तेही सूचिपर्णी झाडांमधून काढलेल्या एका पदार्थापासून. आज ते बहुतेक पेट्रोलियमपासून आणि थोडं लाकडाच्या लिग्निनपासून बनतं, आणि शेंगेच्या तुलनेत फुकट म्हटलं तरी चालेल. ते नकली आहे म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही. रेणू तोच, शेंगेतला आणि कारखान्यातला यात नाकाला फरक कळत नाही. फरक आहे तो शेंगेत व्हॅनिलिनच्या जोडीला जे बाकीचे पदार्थ असतात, जरा लाकडी, जरा चामड्यासारखे, जरा सुक्या मनुकांसारखे, त्यांचा. म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरात नॅचरल व्हॅनिला लिहिलेलं असेल आणि वास नुसता कस्टर्ड पावडरचा येत असेल तर काय समजायचं ते समजा.

परफ्यूममध्ये व्हॅनिलिन नवीन नाही. गेरलाँ कंपनीनं १८८९ मध्येच 'जिकी'त वापरलं, १९२५ च्या 'शालिमार'मध्ये तर त्याचा जास्त तिखट भाऊ एथिल व्हॅनिलिन भरपूर घातला. पण तिथं व्हॅनिला मागं उभी असायची, पुढं लिंबू, फुलं, धूप. माणूस खाण्याच्या वासाचा लागू नये असाच रिवाज होता. हा रिवाज मोडला १९९२ मध्ये, थिएरी म्युगलरच्या 'एंजल'नं. ऑलिव्हिए क्रेस्प नावाच्या परफ्यूमरनं त्यात एथिल माल्टॉल लपवलं नाही, उलट जत्राच भरवली, आणि त्याच्या समोर ढीगभर पॅचोली ठेवली. पॅचोली म्हणजे आपली पाच, गजऱ्यात मरवा-दवण्याबरोबर जी पानं असतात तिच्या कुळातली. ओल्या मातीसारखा, कपाटातल्या जुन्या शालीसारखा वास. गोड आणि मातकट यांची जी ओढाताण होते त्यात सगळी मजा आहे. पुरणात जायफळ नसेल तर दुसऱ्या घासाला तोंड मिठ्ठ होतं, तसं पॅचोली काढून घेतली तर एंजल नुसती साखरेची म्हातारी उरेल आणि पाच मिनिटात डोकं उठवेल. तिथून पुढं या जातीचं नाव पडलं गोरमाँ. १९९६ मध्ये त्याच कंपनीचं पुरुषांसाठीचं 'ए मेन' आलं, कॅरमेल, कॉफी, पॅचोली, वर डांबराचा हात. २०१४ ला 'ब्लॅक ओपियम', कॉफी आणि व्हॅनिला. आणि आता दुबईच्या लताफा कंपनीचं 'खमराह', त्याची कॉफीवाली आवृत्ती 'खमराह कहवा', जी आपल्याकडच्या पोरांच्या ऑनलाइन ऑर्डरीत दिसते.

कॉफीचं मात्र परफ्यूमवाल्यांना दुखणं आहे. तुम्ही म्हणाल चिकमंगळूर-कोडगू आपल्याच राज्यात, कॉफी काय कमी आहे. प्रश्न मालाचा नाही. भाजलेल्या कॉफीत शेकड्यानं वासाचे पदार्थ असतात, आणि ज्यामुळं नाक एकदम "कॉफी!" म्हणतं तो त्यातला एक गंधकवाला रेणू आहे, फ्युरफ्युरिल थायॉल. लागतो किती, तर इतका कमी की वजन करायला लाज वाटेल. जरा जास्त पडला की कॉफी जाऊन जळक्या रबराचा, गंधकाचा वास. परत हा पठ्ठ्या हलका, पटकन उडतो, आणि हवा लागली की बिघडतो. घरी कॉफी पावडरचं पाकीट उघडं राहिलं की आठवड्यात मेलेली वाटते, त्यातलं एक कारण हेच. म्हणून परफ्यूममध्ये कॉफी उभी करायची तर नुसती कॉफी घालून भागत नाही, कॉफीचा अर्क घालायचा आणि मग तो उडून गेल्यावर आभास टिकावा म्हणून खाली कोको, पॅचोली, करपलेल्या कॅरमेलची कडवट बाजू, काहीतरी लाकडी असं ठेवायचं. कॉफीचं नाव लिहिलेल्या बऱ्याच बाटल्या म्हणूनच पहिल्या अर्ध्या तासानंतर कॉफीच्या राहत नाहीत. ही फसवणूक नाही हो, मालाचा स्वभावच तसा.

एक बाटली दिवसभर कशी चालते ते बघू, म्हणजे सगळं जागेवर बसेल. समजा पन्नास मिलीची बाटली आहे, वर ओ द परफ्यूम लिहिलंय. याचा अर्थ साधारण पंधरा ते वीस टक्के वासाचं मिश्रण आणि बाकी बहुतेक अल्कोहोल, म्हणजे खरा माल साडेसात ते दहा मिली. त्यात एथिल माल्टॉल टक्का-अर्धा टक्का असलं तरी अख्खी बाटली गोड, व्हॅनिलिन त्याच्यापेक्षा बरंच जास्त, आणि कॉफीचा तो रेणू नावापुरता. सकाळी आठला मनगटावर दोन फवारे मारले. पहिला मिनिटभर नाक लावूच नका, अल्कोहोल झोंबतं आणि तेच हुंगून लोक "नको बाबा हे" म्हणतात. मग वरचे हलके वास येतात, संत्र्याची साल, दालचिनी, आणि कॉफीचा तो भाजका कडक झटका. साडेआठ-नऊपर्यंत संत्रं गेलं, कॉफी मऊ होऊन मोका झाली, आता कॅरमेल पूर्ण जोरात. हा टप्पा सगळ्यात गोड असतो, आणि दुकानात कागदाच्या पट्टीवर लोक भुलतात ते बहुतेक इथंच. दुपारी कॅरमेल अजून असतं पण त्याच्या पाठीमागून व्हॅनिला आणि पॅचोली वर यायला लागतात. संध्याकाळी घरी आल्यावर मनगटावर जे मंद, पिठूळ, उबदार काहीतरी उरतं ते व्हॅनिलिन आणि मस्क. व्हॅनिलिन इतकं सावकाश उडतं की कागदाच्या पट्टीवर ते आठवड्यांनंतरही लागतं. स्कार्फवर मारलं तर पुढच्या रविवारी पण आहे.

आणि पॉप्युलर होण्याचं पहिलं साधं कारण हेच. लिंबाचं, फुलांचं हलकं परफ्यूम दोन तासात गायब, मग गिऱ्हाईक म्हणतं पैसे वाया गेले. गोड माल स्वस्तात बनतो आणि दिवसभर टिकतो, कुठल्या कंपनीला नको असेल?

दुसरं कारण नाकात नाही, डोक्यात आहे. वास जन्मतः गोड नसतो, तो गोड आहे हे आपण शिकतो. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात यावर प्रयोग झाले. लोकांना अनोळखी वास दिले, लिचीचा, शिंगाड्यासारख्या एका पाणकंदाचा, ते साखरेच्या पाण्यात मिसळून प्यायला लावले. नंतर तेच वास नुसते हुंगायला दिले, साखर नाही काही नाही, तर लोकांना ते आधीपेक्षा गोड वाटायला लागले. आणि उलटपण होतं, साखरेच्या पाण्यात कॅरमेलचा वास मिसळला तर तेवढ्याच साखरेचं पाणी जास्त गोड लागतं. आता विचार करा, आपल्या पिढीनं लहानपणापासून व्हॅनिला कशात खाल्ली? आइस्क्रीममध्ये, कस्टर्डमध्ये, केकात, क्रीमच्या बिस्किटात. एकदाही साखरेशिवाय नाही. व्हॅनिला नाकात शिरली की डोकं आपोआप गोड आठवतं. आमच्या आज्जीला मात्र व्हॅनिलाचा वास औषधासारखा वाटायचा, तिचं गोड म्हणजे वेलची, जायफळ आणि संकेश्वरकडनं येणाऱ्या गुळाची ढेप. तिला गुऱ्हाळातल्या काकवीच्या वासाचं परफ्यूम दिलं असतं तर तिनं पण लावलं असतं असं मला उगाच वाटतं.

पण सगळं शिकण्यावर ढकलता येत नाही. २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात शिकारीवर जगणाऱ्यांपासून शहरी माणसांपर्यंत जगभरच्या वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांना दहा वास देऊन आवडीप्रमाणे लावायला सांगितलेले, आणि पहिला नंबर व्हॅनिलिनचा. संस्कृतीचा वाटा आवडीत फक्त सहा टक्क्यांच्या आसपास निघाला, निम्म्याहून जास्त वाटा प्रत्येकाच्या स्वतःच्या पसंतीचा, आणि बराच मोठा त्या रेणूच्या घडणीचा. म्हणजे व्हॅनिला बऱ्याच जणांना आवडते हे खरं, पण शेजाऱ्याला आवडली म्हणून तुम्हाला आवडेलच असं नाही, हे पण तितकंच खरं.

तिसरं कारण माझं मत म्हणून घ्या. हल्ली परफ्यूम लोक हुंगून घेत नाहीत, मोबाईलवर बघून घेतात. रीलमध्ये वास येत नाही. कुणी सांगितलं की यात ओकमॉस आणि आयरिस आहे, तर बेळगावातल्या काय, पॅरिसमधल्या पण निम्म्या लोकांच्या नाकासमोर काही उभं राहणार नाही. पण "कॅरमेल टाकलेली कॉफी आणि वर व्हॅनिला आइस्क्रीम" म्हटलं की चिकोडीतल्या पोराला पण लगेच कळतं काय घरी येणार आहे. न हुंगता विकता येतील असे वास म्हणजे खाण्याचे वास. त्यात दुबईच्या कंपन्यांनी दहा-पंधरा हजारांच्या बाटल्यांच्या चालीवरचा माल दोन-अडीच हजारांत आणला, मग काय विचारता.

आता घेताना आणि लावताना काय बिनसतं ते. सगळ्यात जास्त बिनसतं ते प्रमाण. पावसाळ्यात, थंडीत आपल्या बेळगावच्या ओल्या गार हवेत दोन-तीन फवारे छान बसतात, पण हेच अथणी-रायबागकडच्या एप्रिलच्या उन्हात मारून एसटीत चढलात तर उष्णतेनं सगळं एकदम उडतं आणि शेजारचा खिडकी उघडतो. उन्हाळ्यात एकच फवारा, तोही अंगावर, आणि शर्टाच्या आतून. दुसरं म्हणजे नाक थकतं. एकच गोड वास अर्धा तास लागला की नाक त्याची दखल घेणं सोडतं, तुम्हाला वाटतं उडाला आणि तुम्ही परत मारता, समोरच्याला मात्र पहिलाच अजून चढलेला असतो. उडाला की नाही हे स्वतः ठरवू नका, घरातल्या कुणालातरी विचारा. मुलं फटकळ असतात, त्यांना विचारलेलं उत्तम.

स्वस्त माल ओळखायचा असेल तर कागदाच्या पट्टीवर मारून खिशात टाका आणि तीन-चार तासांनी हुंगा. चांगल्या बनावटीत तोपर्यंत वास बदललेला असतो, कॅरमेल मागं गेलेलं, खाली काहीतरी लाकडी, मातकट, कडवट सापडतं. नुसतं एथिल माल्टॉल ओतलेलं असेल तर पहिल्या मिनिटाला जी साखर होती तीच साखर चार तासांनी, फक्त जरा शिळी.

आणि रंग. व्हॅनिलिनवाली बाटली काही महिन्यांत पिवळी, मग चहासारखी तपकिरी होते, उजेडात आणि हवेत व्हॅनिलिनचा तो धर्मच आहे. लोक घाबरून दुकानदाराशी भांडायला जातात की माल एक्स्पायर दिला. रंग बदलला आणि वास तोच असेल तर काही झालेलं नाही, वास आंबट किंवा रॉकेलसारखा झाला असेल तरच टाकून द्या. बाटली खिडकीत मिरवायला ठेवू नका, खोक्यात घालून कपाटात ठेवा. पण हाच रंग पांढऱ्या कपड्यावर उतरतो, आणि लगेच नाही तर सावकाश, त्यामुळं मारताना काही दिसत नाही आणि महिन्याभरानं कॉलरला पिवळट डाग दिसतो जो धुऊन नीट जात नाही. लग्नाला पांढरा झब्बा किंवा मोतिया साडी असेल तर आधी अंगावर मारा, दोन-पाच मिनिटं वाळू द्या, मग कपडे घाला.